पीएफ नेमका कशावर कापला जातो? आधी पगाराची स्लिप बघा, मग व्हीपीएफचा विचार करा

'कंपनी पीएफ कापते, म्हातारपणाची सोय झाली,' असं उद्यमबागपासून वेर्ण्यापर्यंत कुठल्याही कारखान्यात ऐकायला मिळतं. पण महिन्याला नेमके किती रुपये जमा होतात, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर चुकतं. म्हणून एक उदाहरण घेऊन हिशेब करून बघू.

समजा, एक कामगार तिसाव्या वर्षी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत लागला. आठ वर्षं तिथे काढली आणि अडतिसाव्या वर्षी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत आला. आता त्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २४,००० रुपये आहे. पीएफचा नियम १२ टक्क्यांचा, म्हणजे २,८८० रुपये कापले जायला हवेत असं वाटेल. पण स्लिपवर १,८०० दिसतात. यात चोरी वगैरे काही नाही. सक्तीच्या पीएफसाठी पगाराची मर्यादा २०१४ पासून १५,००० रुपये आहे, आणि बऱ्याच कंपन्या तेवढ्यावरच १२ टक्के कापतात. पुऱ्या पगारावर कापणाऱ्या कंपन्याही आहेत. तुमची कुठली, हे स्लिपवरचा आकडा बघितला की लगेच कळतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कंपनीही तुमच्याइतकेच १,८०० भरते, म्हणून लोक ३,६०० धरून चालतात. पण कंपनीच्या वाट्यातले १,२५० रुपये पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएसमध्ये जातात. पीएफच्या खात्यात येतात फक्त ५५०. म्हणजे व्याज मिळवणारी खरी रक्कम महिन्याला २,३५० रुपये. पेन्शनच्या १,२५० वर तुमच्या नावाने व्याज साठत नाही. त्यातून पेन्शन मिळते ती वेगळ्या सूत्राने: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. हा पगार १५,००० च्या वर धरला जात नाही, म्हणून तीस वर्षं नोकरी करून ५८ व्या वर्षी निवृत्त झालात आणि वीस वर्षांवरच्या नोकरीची जादा दोन वर्षं धरली, तरी पेन्शन महिना सात हजारांच्या आतच राहते. आजच्या बाजारात तेवढ्यावर घर चालत नाही, हे कुणी सांगायला नको. भार पडतो तो पीएफच्या रकमेवर.

व्हीपीएफ, म्हणजे स्वतःहून केलेली जादा कपात, इथे उपयोगी पडते. वेगळं खातं काढावं लागत नाही, एजंट लागत नाही. कंपनीच्या एचआरला किंवा अकाउंटवाल्यांना लेखी द्यायचं की माझ्या पगारातून अमुक रक्कम जादा कापा. मूळ पगार आणि डीएच्या १०० टक्क्यांपर्यंत कापता येतं. कंपनी मात्र तिच्या बाजूने जादा भरायला बांधील नाही. बऱ्याच ठिकाणी हा बदल एप्रिलमध्येच घेतात, म्हणून मार्चमध्ये अर्ज देऊन ठेवलेला बरा.

आपल्या कामगाराने दरमहा २,००० रुपये व्हीपीएफ सुरू केला असं धरा. व्याजाचा दर ८ टक्के धरू, कारण तो दरवर्षी जाहीर होतो आणि कायमचा नसतो. नव्वदीत १२ टक्के मिळायचे, २०२१-२२ साली ते ८.१ वर आले, २०२४-२५ ला ८.२५ होते. या हिशेबाने नुसत्या सक्तीच्या कपातीतून वीस वर्षांत साधारण १३ लाख ४० हजार साठतात. व्हीपीएफचे आणखी सुमारे ११ लाख ४० हजार होतात, आणि त्यासाठी खिशातून गेलेले असतात ४ लाख ८० हजार. बाजार पडला म्हणून यातला रुपयाही कमी होत नाही. पीपीएफलाही ही खात्री आहे, पण २०२० पासून त्याचा दर ७.१ टक्के आहे.

अर्थात सगळेच पैसे इथे घालू नयेत. आजारपण, पोरांची फी यासाठी लागणारी रक्कम बँकेत हाताशी हवी, कारण पीएफमधून पैसे काढायला कारण, अर्ज आणि वाट बघणं आलं. वीस वर्षांत महागाई बरंच खाऊन टाकते, त्यामुळे ज्याला झेपतं त्याने थोडी एसआयपी बाजूला जरूर ठेवावी. पण माझ्या मते पाया आधी, मजले नंतर. कराचंही एक लक्षात ठेवा: तुमची स्वतःची वर्षाची वर्गणी अडीच लाखांवर गेली तर वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो. आपल्या उदाहरणात ती जेमतेम साडेपंचेचाळीस हजार आहे. ८०सीची वजावट मात्र जुन्या करप्रणालीतच मिळते.

खरं नुकसान होतं ते नोकरी बदलताना. आपल्या भागात शिरोली, कागल, बेळगाव, गोवा अशी ये-जा चालूच असते, आणि राज्य बदललं की 'जुना पीएफ काढून टाकू' असा सल्ला हमखास मिळतो. पीएफ ही केंद्राची योजना आहे. तुमचा यूएएन नंबर कोल्हापुरात जो, तोच बेळगावात आणि मडगावात. शिरोलीच्या आठ वर्षांत अशीच कपात झाली असेल तर खात्यात सुमारे तीन लाख असतील. ते नव्या खात्यात वळवून वीस वर्षं तसेच ठेवले तर जवळजवळ १४ लाख होतात, म्हणजे पुढच्या वीस वर्षांच्या सक्तीच्या कपातीपेक्षाही जास्त! शिवाय पेन्शनचे पैसेही काढले तर आठ वर्षांची नोकरी मोजणीतून जाते: महिना सुमारे ६,४०० ऐवजी ४,७०० हातात येतात. एकूण नोकरी दहा वर्षांच्या आत राहिली, तर मासिक पेन्शन मिळतच नाही.

पैसे वळवताना अडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. दोन महिने उलटले की ती स्वतःच पोर्टलवर टाकता येते. दुसरं म्हणजे नाव. एका कागदावर मराठी वळणाचं नाव, दुसऱ्यावर कन्नडवरून इंग्रजीत आलेलं, कुठे आडनाव आधी. आधार आणि पीएफमधलं नाव जुळलं नाही की अर्ज परत येतो. ही दुरुस्ती निवृत्तीच्या वर्षी करायला निघाल्यास फार धावपळ होते, नोकरीत असतानाच उरकून घ्या.

वर्षातून दोन-तीनदा पासबुक बघत जा. त्यात तुमचा वाटा, कंपनीचा वाटा आणि पेन्शन असे तीन रकाने असतात. पगारातून कापलेली रक्कम कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. स्लिपवर कपात आहे पण पासबुकात तो महिना नाही, असं दिसलं तर आधी कंपनीत विचारा, दाद लागली नाही तर पीएफ कार्यालयाच्या पोर्टलवर तक्रार टाका. स्लिपा जपून ठेवा, तोच पुरावा. इंटरनेट जमत नसेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून 7738299899 या नंबरवर पुढचा मेसेज पाठवा, शिल्लक मराठीत येते:

```
EPFOHO UAN MAR
```