जुना a उत्तरात दिसला की...

फर्स्ट इयरच्या टेस्टमध्ये एक प्रश्न आला होता: y = ax² या सगळ्या पॅरॅबोलांना काटकोनात छेदणारे वक्र काढा. मी उत्तर काढलं, ताळा घेतला, ताळा बरोबर आला आणि तरीही पेपरवर भोपळा! पेपर घेऊन तावातावाने सरांकडे गेलो. तिथे जे कळलं ते लिहितोय, कारण यंदाही विंगमधल्या ज्युनियर मंडळींच्या वह्यांत तीच चूक पाहिली.

आधी कोनाबद्दल. दोन वक्रांमधला कोन म्हणजे ते जिथे छेदतात त्या बिंदूवर काढलेल्या दोन स्पर्शिकांमधला कोन. वक्र पुढे कितीही वळोत, आपल्याला देणंघेणं फक्त त्या बिंदूवरच्या स्लोपशी. स्लोप m₁ आणि m₂ असतील तर

tan θ = |(m₁ − m₂) / (1 + m₁m₂)|

उदाहरणार्थ y = x² आणि x = y² हे (1, 1) वर भेटतात. तिथे स्लोप 2 आणि 1/2. सूत्रात घातले की tan θ = 3/4, म्हणजे कोन साधारण ३६.८७ अंश. छेद शून्य झाला, म्हणजे m₁m₂ = −1 आला, की काटकोन. हेच दोन वक्र (0, 0) वरही भेटतात, पण तिथे एक स्पर्शिका आडवी आणि दुसरी उभी. उभीला स्लोपच नाही, त्यामुळे सूत्र गप्प बसतं. कोन मात्र डोळ्यांना दिसतो, ९० अंश.

आता माझा भोपळा. y = ax² वरून dy/dx = 2ax. काटकोन हवा म्हणून मी उलटं करून उणे चिन्ह दिलं, dy/dx = −1/(2ax), आणि इंटिग्रेट केलं: y = −(1/2a) ln x + C. ताळ्यासाठी a = 1 धरून (1, 1) बिंदू घेतला. पॅरॅबोलाचा स्लोप 2, माझ्या वक्राचा −1/2, गुणाकार −1. अजून काय पाहिजे?

सर म्हणाले, "तुझा हाच वक्र घे, a एकच ठेव, आणि (2, 1) मधून जाणारा काढ. तिथून कुठला पॅरॅबोला जातो?"

मी मांडलं. 1 = a·4, म्हणजे a = 1/4. त्या पॅरॅबोलाचा तिथला स्लोप 2·(1/4)·2 = 1. माझ्या वक्राचा स्लोप a = 1 ठेवल्यामुळे −1/4. सूत्रात टाकलं तर tan θ = (5/4)/(3/4) = 5/3, म्हणजे कोन जेमतेम ५९ अंश! माझे वक्र फक्त y = x² या एकट्याला काटकोनात छेदत होते. बाकीच्या पॅरॅबोलांना ते कसेही तिरपे जात होते, आणि मी ताळा नेमका त्या एकट्यावरच घेतला होता.

गोम अशी आहे की a म्हणजे पॅरॅबोलाचा पत्ता. आपला नवा वक्र पुढे सरकतो तेव्हा तो एकामागून एक वेगवेगळे पॅरॅबोला ओलांडतो, म्हणजे वाटेत a बदलतच राहतो. मी त्याला एका जागी खिळा ठोकून ठेवला होता. म्हणून उलटं करण्याच्या आधी a ला घालवायचं. y = ax² वरून a = y/x², तो ठेवला की

dy/dx = 2y/x

आता हा स्लोप कुठल्याही बिंदूवर फक्त x आणि y वरून सांगता येतो, पॅरॅबोला कुठला ते विचारावं लागत नाही. आता उलटं करा: dy/dx = −x/(2y), म्हणजे 2y dy = −x dx. इंटिग्रेट केलं की

x² + 2y² = k

लॉग कुठल्या कुठे गेला, आले चक्क इलिप्स. (2, 1) वर k = 6, स्लोप −2/2 = −1, पॅरॅबोलाचा 1. गुणाकार −1. (1, 1) वर −1/2 आणि 2, तेही बरोबर. त्यामुळे ताळा घ्यायचा तर किमान दोन वेगळ्या पॅरॅबोलांवर घ्या. आणि ताळा घ्यायला वेळ नसेल तर नुसतं उत्तराकडे बघा. त्यात जुना a अजून जिवंत असेल तर पुढे तपासण्याची गरज नाही, चुकलंय.

एक जागा मात्र सोडून द्यावी लागते, ती म्हणजे (0, 0). सगळे पॅरॅबोला तिथून जातात, पण k = 0 घेतला तर इलिप्सचा नुसता ठिपका उरतो. छेदायला वक्रच नाही, मग कोन कुणाचा?

शेवटी लॅबमधली गंमत. हे दोन्ही कुटुंबं मॅटलॅबवर काढून रूममेटला कौतुकाने दाखवायला गेलो तर तो म्हणाला, "हे काटकोन? माझ्या खाटेचे कोपरे यापेक्षा बरे आहेत!" खरंच सगळे कोन तिरपे दिसत होते. पुन्हा भोपळा की काय म्हणून पोटात गोळा आला. पण दोष गणिताचा नव्हता. सॉफ्टवेअरने आकृती चौकटीत बसवताना x आणि y ला वेगवेगळं स्केल दिलं होतं, आणि एका बाजूने ताणलं की तिरप्या रेषांमधला काटकोन काटकोन राहत नाही. axis equal टाईप केलं आणि सगळं जागेवर आलं.