वाळू किती भार पेलते?

वाळूवर घर बांधू नये, ही आपल्याकडची रूढ समजूत. प्रत्यक्षात दाट, घट्ट बसलेली वाळू ही पायासाठी चांगली जमीन असते, आणि कित्येक चिकणमातींपेक्षा तर फारच चांगली. प्रश्न वाळू आहे की नाही हा नसून ती किती दाट आहे, पाया किती खोल आहे आणि पाणी कुठे आहे हा असतो. या तिन्ही गोष्टी एका सूत्रात एकत्र येतात. ते सूत्र सोडवायला गणकयंत्र पुरतं, पण त्यातला कुठला आकडा जड आणि कुठला हलका हे ओळखता आलं, तर माती परीक्षणाचा अहवाल सामान्य माणसालाही वाचता येतो.

एक उदाहरण घेऊ. कोकण किनारपट्टीवर एका दुमजली घराची जांभ्या चिऱ्याची भारवाहक भिंत उभी करायची आहे. अशा भिंतीखाली कॉलमखाली देतात तसे चौकोनी पाये नसतात. भिंतीच्या लांबीभर सलग पट्टी जाते, तिलाच स्ट्रिप फूटिंग म्हणतात. समजा पट्टीची रुंदी १ मीटर, खोली जमिनीपासून १ मीटर, आणि भिंतीच्या दर मीटर लांबीमागे खाली येणारं वजन १०० किलोन्यूटन, म्हणजे साधारण १० टन. वाळूचं वजन घनमीटरला १७ किलोन्यूटन धरू.

पायाखालची वाळू हार मानते तेव्हा नेमकं काय होतं? पायाच्या लगेच खाली वाळूची एक पाचर तयार होते आणि ती पायाबरोबर खाली सरकते. ही पाचर दोन्ही बाजूंच्या वाळूला आडवं ढकलते. त्या वाळूला जायला खाली जागा नसते, म्हणून ती वळसा घेऊन वर उसळते. ओल्या पुळणीत टाच जोरात रोवली की कडेची वाळू फुगून वर येते, तसंच. पाया बसतो आणि शेजारची जमीन उचलली जाते. हे टाळणाऱ्या शक्ती दोनच. एक, पायाच्या तळाच्या वर, दोन्ही बाजूंना असलेल्या वाळूचं वजन, जे उसळणाऱ्या वाळूला दाबून ठेवतं. दुसरी, तळाखालच्या सरकणाऱ्या वाळूचं स्वतःचं वजन आणि घर्षण. कोरड्या, स्वच्छ वाळूत चिकटपणा नसतो, म्हणून चिकणमातीच्या हिशेबातलं तिसरं पद इथे गळून पडतं.

कार्ल टेरझागी यांनी १९४३मध्ये हा विचार सूत्रबद्ध केला. पुढे मेयरहॉफ, हॅन्सन, वेसिक यांनी त्यात सुधारणा केल्या. भारतीय मानक आयएस ६४०३ (१९८१) मध्ये वाळूसाठी ते असं येतं:

```
q_nu = q (Nq − 1) sq dq + ½ γ B Nγ sγ dγ W′
```

डावीकडे आहे निव्वळ अंतिम भारक्षमता, म्हणजे आधीच तिथे असलेल्या मातीच्या वजनाव्यतिरिक्त आणखी किती दाब आला की जमीन हार मानेल तो आकडा. उजवीकडचं पहिलं पद खोलीचं आणि दुसरं रुंदीचं. q म्हणजे तळाच्या पातळीवरचा मातीचा दाब, γ वाळूचं वजन, B रुंदी. Nq आणि Nγ हे दोन आकडे वाळूच्या अंतर्गत घर्षण कोनावरून तक्त्यात मिळतात. s आकाराचे गुणक, d खोलीचे, आणि W′ पाण्याचा.

आपली वाळू दाट आहे आणि तिचा घर्षण कोन ३५ अंश आहे असं धरू. तक्त्यात Nq ३३.३ आणि Nγ ४८ मिळतो. १ मीटर खोलीवर q झाला १७. खोलीचं पद १७ गुणिले ३२.३, म्हणजे ५४९. रुंदीचं पद १७च्या निम्मे गुणिले ४८, म्हणजे ४०८. गुणक लावण्याआधीची बेरीज ९५७ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर.

आता आकाराचा गुणक. लांबलचक पट्टीखाली वाळू फक्त दोन बाजूंना पळू शकते. चौकोनी पायाखाली ती चारही बाजूंना पळते, म्हणून हिशेब बदलतो. सूत्र मुळात पट्टीसाठीच मांडलेलं असल्यामुळे तिचे दोन्ही गुणक १ असतात. पण भिंत काही अनंत लांब नसते. १० मीटर लांबीच्या भिंतीला मानकातलं आयताचं सूत्र लावलं, तर खोलीच्या पदाचा गुणक १.०२ येतो आणि रुंदीच्या पदाचा ०.९६. एक पद थोडं वाढतं, दुसरं थोडं घटतं. एकूण उत्तरात फरक पडतो जेमतेम अर्धा टक्का. रुंदी तीच ठेवून पाया थेट चौकोनी केला, तरी आपल्या उदाहरणात उत्तर फक्त ३ टक्क्यांनी बदलतं. आकाराच्या गुणकावरून वाद घालण्यात म्हणून फारसा अर्थ नाही.

खोलीचा गुणक मात्र वेगळ्या जातीचा आहे. मूळ सूत्रात तळाच्या वरची माती फक्त वजन म्हणून येते, तिला ताकद आहे असं धरलेलंच नाही. पण वाळू उसळताना तिला या वरच्या थरातूनही फाटून वाट काढावी लागते, आणि तो थरही घर्षणाने विरोध करतो. हा जादा विरोध मोजणारा गुणक आपल्या पायासाठी १.१९ येतो. दोन्ही पदांना तो लावला की खोलीचं पद ६५५, रुंदीचं ४८७, आणि एकूण उत्तर साधारण ११४०. एका गुणकाने १९ टक्के क्षमता वाढवली.

ही वाढ फुकटची नाही. मानक स्पष्ट सांगतं की पायाच्या कडेचा भराव नीट ठोकून बसवला असेल तरच हा गुणक लावावा. जागेवर बहुतेक वेळा काय होतं? चर खणायचा, पट्टी टाकायची, वर चिरा चढवायचा, आणि उरलेल्या फटीत फोडलेले चिरे, सिमेंटच्या गोण्या आणि सैल वाळू लोटून द्यायची. अशा भरावाला वजन असतं, ताकद नसते. तिथे खोलीचा गुणक १ धरायचा आणि उत्तर ९५७ मानायचं, हे प्रामाणिक गणित.

त्याहून मोठा घोटाळा बांधकामानंतर काही वर्षांनी होतो. भिंतीला लागून गटार काढतात किंवा पाण्याच्या नळासाठी चर खणतात. समजा अर्धा मीटर माती गेली. पायाची खोली अर्ध्यावर आली, म्हणजे q अर्धा झाला आणि गुणकही १.१०च्या जवळ उतरला. नव्याने मांडलं तर उत्तर येतं ७४८. घराला हात न लावता, शेजारी फक्त चर खणून, क्षमतेचा एक तृतीयांश भाग गेला. पाया अगदी जमिनीवर उघडा पडला तर उरतात फक्त ४०८.

पाणी रुंदीच्या पदावर घाव घालतं. भूजल पायाच्या तळापर्यंत आलं की तळाखालची वाळू पाण्यात तरंगल्यासारखी हलकी होते, तिचं परिणामी वजन जवळपास निम्मं राहतं. W′ ०.५ होतो आणि ४८७चे २४३ होतात. तळाखाली रुंदीइतक्या खोलीपलीकडे पाणी असेल तर W′ १ असतो, मध्ये असेल तर प्रमाणात घ्यायचा. पाणी जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत चढलं तर पहिलं पदही निम्म्याच्या आसपास येतं. किनारपट्टीवर मे महिन्यात घेतलेल्या बोअरमधली पातळी जुलैत खरी नसते. अहवालात पाण्याची पातळी दिली असेल, तर ती कुठल्या महिन्यातली हे पाहावं.

पण या सगळ्या फरकांना मागे टाकणारा आकडा आहे घर्षण कोन. ३५ ऐवजी ३० अंश घ्या, बाकी काही बदलू नका. उत्तर ११४०वरून ५७०वर येतं. पाच अंशांत क्षमता निम्मी. आणि इथेच थांबत नाही. ३० अंशांची वाळू सहसा सैल ते मध्यम असते. सैल वाळू कडेने सरळ उसळत नाही, ती आधी स्वतःतच दबत जाते आणि तिची पूर्ण ताकद एकदम उपयोगी पडत नाही. म्हणून सापेक्ष घनता २० टक्क्यांखाली असेल तर कोनाची स्पर्शज्या साधारण दोन तृतीयांश करून नवे आकडे घ्यायचे, आणि २० ते ७० टक्क्यांच्या मध्ये दोन्ही उत्तरांमधला आकडा प्रमाणात काढायचा असं मानक सांगतं. आपल्या ३० अंशांच्या वाळूला पूर्ण सैल धरलं तर उत्तर येतं सुमारे १८०. घनता ३५ टक्के धरली तर ३००च्या जवळपास. दाट वाळूच्या ११४०समोर हा आकडा ठेवून पाहा. दोन्ही वाळू, दोन्ही ठिकाणी तोच पाया, आणि क्षमतेत जवळजवळ चौपट अंतर.

हा कोन बहुतेक वेळा थेट मोजला जात नाही. बोअरच्या तळाशी ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. यालाच एसपीटी म्हणतात. १० ठोक्यांना साधारण ३० अंश, ३० ठोक्यांना ३६ अंश असा अंदाज तक्ते देतात. आता कल्पना करा, दोर ओढणारा कामगार दमला आहे आणि हातोडा ७५ ऐवजी ५५ सेंटिमीटरवरूनच सोडतो आहे. आघात कमी, म्हणून ठोके जास्त लागतात, आणि कागदावर वाळू आहे त्याहून दाट दिसते. चूक धोक्याच्या बाजूला जाते. पाण्याखालच्या बारीक, गाळमिश्रित वाळूतही ठोके फसवे जास्त येतात, त्यासाठी १५च्या वरचे ठोके निम्मे धरण्याची दुरुस्ती करतात. अहवालात ही दुरुस्ती केलेली दिसते का, हे पाहण्याजोगं आहे.

शेवटी सुरक्षा गुणांक. अंतिम क्षमतेला २.५ ते ३ने भागतात आणि मिळतो तो आकडा, ज्याला साइटवर एसबीसी म्हणतात. दाट वाळूत ११४०ला ३ने भागून ३८०. आपल्या भिंतीचा दाब १०० आहे, तेव्हा ही भिंत निर्धास्त. मध्यम सैल वाळूत ३००ला ३ने भागलं की नेमके १००च उरतात. कागदावर हिशेब जमतो, पण पुढे खणल्या जाणाऱ्या चरासाठी किंवा वर चढणाऱ्या पाण्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही. अशा ठिकाणी पट्टी रुंद करणं, थोडं खोल जाणं किंवा पायाखालची वाळू आधी दाबून घेणं, यापैकी काहीतरी करावंच लागतं.

आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यायला हवी. हे सूत्र फक्त जमीन फाटून उसळेल का, हे सांगतं. किती मिलिमीटर बसेल हे सांगत नाही. वाळूवर पाया रुंद होत गेला की क्षमता वाढत जाते, पण खचण्याची मर्यादा आधी गाठली जाते आणि तिथला दाब तीच ठरवते. चिऱ्याच्या भिंतीला असमान खचणं मुळीच सोसत नाही; खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. म्हणून अहवालात एकच एसबीसी लिहिलेली असली, तर ती फाटण्यावरून आली की खचण्यावरून, कुठला कोन आणि कुठली पाणीपातळी धरून आली, आणि खोलीचा गुणक त्यात धरला आहे का, हे विचारून घ्यावं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल, तर भराव ठोकून घेण्याची आणि भिंतीलगत चर न खणू देण्याची जबाबदारी घरमालकावर येते.