अभिसरणाची चाळीस पानं, एका पानावर

भाची बारावीला आहे. युनिट टेस्टला चार दिवस उरले असताना ती जीवशास्त्राची वही घेऊन आली. 'अभिसरण' या एकाच विषयाची ४० पानं, सरांच्या बोलण्यामागे धावत लिहिलेली. एकाच झडपेचं वर्णन तीन ठिकाणी आणि आकृत्या अर्धवट. हे सगळं ती बारीक अक्षरात एका पानावर उतरवत होती. मी म्हटलं, "आधी वही मिट."

कोऱ्या कागदावर, आठवेल तेवढं, वीस मिनिटं लिहायला सांगितलं. मग वहीशी ताडून लाल पेनाने दुरुस्त्या केल्या. हृदयाचे चार कप्पे, रक्ताच्या घटकांची नावं, सगळं बिनचूक आलं होतं. जे न बघता येतं, त्याला पानावर जागा द्यायची नाही. जिथे लाल शाई पडली, तेवढंच पानावर घ्यायचं.

सगळ्यात जास्त लाल शाई फुप्फुस धमनीवर पडली. वहीत एका पानावर 'धमनीत शुद्ध रक्त' आणि दहा पानांनंतर 'फुप्फुस धमनीत अशुद्ध रक्त' असं होतं. मावशी, हा अपवाद पाठच करायचा ना, असं तिने विचारलं. पण धमनी ठरते ती रक्ताच्या दिशेवरून. हृदयापासून रक्त दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. ही व्याख्या लिहिली की फुप्फुस धमनी अपवाद राहतच नाही. दीड पानाची एक ओळ झाली.

आकड्यांचंही तसंच. मिनिटाला ७२ ठोके, प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त. यांचा गुणाकार ५,०४० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला साधारण पाच लिटर. ६० सेकंदांना ७२ ने भागलं की एका ठोक्याचा सुमारे ०.८ सेकंद मिळतो. पानावर फक्त ७२ आणि ७० गेले. ते ०.८ सेकंद कसे वाटले जातात, हे मात्र गणिताने निघत नाही. अलिंदांच्या आकुंचनाला ०.१, निलयांच्या आकुंचनाला ०.३, दोन्हींच्या विश्रांतीला ०.४. ते लिहावंच लागलं.

पान पक्कं करण्याआधी प्रत्येक ओळ पाठ्यपुस्तकाशी ताडली, आणि बरं झालं. घाईत तिने द्विदली झडप उजवीकडे लिहिली होती. उजवीकडची त्रिदली, डावीकडची द्विदली. चाळीस पानांत अशी चूक कधीतरी नजरेला पडते. एका पानावर तीच रोज वाचून पक्की होते.

दुसऱ्या दिवशी पानावरच्या एकेका शब्दावर बोट ठेवून तिला बोलायला लावलं. 'लब-डब'वर ती अडली. आवाज आठवत होते, कारण आठवत नव्हतं. शब्द फार आखडला होता. मग तिथे भर घातली: लब म्हणजे अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपा मिटतात, डब म्हणजे धमन्यांच्या तोंडाच्या अर्धचंद्राकृती झडपा मिटतात.

हृदयाच्या उभ्या छेदाची नावांसह आकृती मात्र या पानावर घेतली नाही. ती बघून येत नाही, हाताने काढूनच येते. उरलेल्या दोन दिवसांत रोज दोनदा, पाठकोऱ्या कागदांवर, तिने ती काढली.