नाटक विनोदी आहे, पण कसं?

नव्या नाटकाच्या परीक्षणात ‘धमाल विनोदी’ असं वाचलं, की मला काहीच कळलेलं नसतं. ते जाहिरातीतही छापलेलं असतंच. तिकीट काढण्याआधी वाचकाला हवं असतं ते वेगळंच: हसू येतं कशातून? संवादांतून, प्रसंगातून की माणसाच्या स्वभावातून? मराठीत यातल्या प्रत्येकासाठी नेमका शब्द आहे, आणि चांगला समीक्षक तो निवडूनच वापरतो.

आचार्य अत्र्यांचं ‘मोरूची मावशी’ घ्या. मूळ बेत ब्रँडन थॉमसच्या १८९२ सालच्या ‘चार्लीज आन्ट’चा. मित्राला साडी नेसवून मावशी म्हणून उभं केलं जातं आणि मग खरी मावशीच येऊन थडकते. इथे प्रेक्षकाला गुपित ठाऊक असतं, रंगमंचावरच्या बहुतेकांना नसतं. या तफावतीतून हशा उसळतो. अशा नाटकाला ‘खुसखुशीत’ म्हटलं तर नेम चुकतो, कारण खुसखुशीतपणा संवादांचा गुण आहे. इथे ‘धमाल’, ‘हास्यस्फोटक’ शोभतात. मात्र ‘हास्यस्फोटक’ लिहिणाऱ्याने एक पथ्य पाळावं. हा शब्द नाटकाबरोबर प्रेक्षागृहाचंही वर्णन करतो, म्हणून स्फोट खरोखर कुठे झाला ते सांगायला हवं. विजय चव्हाणांच्या मावशीबद्दल लिहायचं तर साडीतली चाल, आवाज, हालचालींचा वेग यांबद्दल लिहावं लागेल. नुसती संहिता वाचून त्यातलं बरंचसं हाती लागणार नाही.

आता पु. लं.चं ‘तुझे आहे तुजपाशी’. इंदूरचे काकाजी आयुष्य चवीने जगणारे, आचार्य कडक व्रतस्थ. काकाजी त्यांना चिमटे काढतात, पण त्यात आकस नाही. या हसण्याला ‘मिश्कील’ म्हणतात. मिश्कील माणूस समोरच्याची फजिती पाहतो आणि त्याच्यावर मायाही करतो. माया काढून टाकली की तोच चिमटा ‘बोचरा’ किंवा ‘उपहासात्मक’ होतो. शेवटी आचार्यांचं एकटेपण उघडं पडतं तेव्हा प्रेक्षक गलबलतो. आधीचं हसू मिश्कील होतं म्हणूनच हे साधतं. या नाटकाला ‘हास्याचा धबधबा’ म्हणणाऱ्याने वाचकाला भलत्याच तयारीने नाट्यगृहात पाठवलं, असं मी म्हणेन.

शब्द बरोबर निवडलाय का, हे ताडायला मी एक साधी कसोटी लावतो. परीक्षकाने उद्धृत केलेला संवाद मनातल्या मनात, नटाशिवाय वाचून पाहावा. तेवढ्यानेही हसू आलं तर ‘चुरचुरीत’, ‘खुसखुशीत’ खरे. नाही आलं, तर श्रेय नटाचं किंवा प्रसंगाचं आहे आणि विशेषण तिकडे जायला हवं.

‘हास्यास्पद’ मात्र जपून वापरावा. ‘नायकाची अवस्था हास्यास्पद होते’ हे कथानकाचं वर्णन झालं. ‘नायकाचं काम हास्यास्पद आहे’ असं छापून आलं, तर त्या नटाची कामगिरी मोडीत निघाली.