कोपरा दोनदा वजा होतो तेव्हा

सातवीत वर्गविस्ताराची सूत्रे शिकवली जातात. काही महिन्यांनी त्याच मुलांना (a + b)² विचारा, बरीच जणं a² + b² लिहून मोकळी होतात. मधलं 2ab पाठ केलेलं असतं, पण कधी पाहिलेलं नसतं. म्हणून अक्षरांआधी चौकटीची वही घ्यावी.

13 चौकटी बाजूचा चौरस काढा आणि दोन्ही बाजू 10 व 3 अशा विभागून आडवी-उभी रेघ मारा. चार तुकडे होतात: 100 चौकटींचा चौरस, 9 चौकटींचा चौरस आणि 30-30 चौकटींचे दोन आयत. बेरीज 169. फक्त a² + b² घेतलं, तर 109 भरतात आणि 60 चौकटी उघड्या राहतात. युक्लिडच्या दुसऱ्या ग्रंथातलं चौथं विधान हेच सांगतं, तेही रेषाखंड आणि आयतांच्या भाषेत. 10 आणि 5 अशी जोडी मात्र टाळावी. एकीच्या दुप्पट दुसरी असली की आयत म्हणजे दोन छोटे चौरस, असं मूल धरून बसतं आणि त्यालाच नियम समजतं.

खरी कसोटी (a − b)² ची आहे. आता 10 बाजूचा चौरस घ्या. उजवीकडची 3 रुंदीची उभी पट्टी आणि खालची तेवढीच आडवी पट्टी काढली की 7 बाजूचा चौरस, म्हणजे 49 चौकटी उरायला हव्यात. पण 100 मधून 30 आणि 30 वजा केले तर 40 येतात. या 9 चौकटी कुठे गेल्या? मुलांना इथे घाई करू देऊ नये. दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या रंगांनी रंगवायला सांगा. उजव्या खालच्या कोपऱ्यात दोन्ही रंग एकावर एक चढतात. तो 3 × 3 चा कोपरा दोनदा वजा झाला, म्हणून एकदा परत मिळवायचा. सूत्रात शेवटी + b² का येतो, याचं उत्तर त्या दुरंगी कोपऱ्यात आहे.

यानंतर (a + b)(a + b) चा गुणाकार मांडला की त्याची चार पदं म्हणजे मघाचे चार तुकडे, हे मुलं स्वतःच बोट ठेवून दाखवतात. तरीही आकृतीवर थांबून चालत नाही. लांबी ऋण नसते, आणि b हा a पेक्षा मोठा असेल तर पट्टी कापताच येत नाही. सूत्र मात्र तिथेही खरं ठरतं. ते वितरणाच्या गुणधर्मानेच सिद्ध करावं लागतं. घनविस्तारासाठी ठोकळे चालतात, चौथ्या घाताला तेही पुरत नाहीत.

शिक्षकांनी आणि पालकांनी एवढं करून पाहावं: सूत्र म्हणून घेण्याऐवजी कोरा चौरस पुढे ठेवून विचारावं, ‘2ab मधला 2 कुठे आहे?’ मुलाने दोन आयत दाखवले की मगच सिद्धता फळ्यावर लिहावी.