फोटोतली चिठ्ठी वाचताना

संधिवाताच्या आजींनी गावाहून डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि पुण्यातल्या नातवाला विचारलं, ‘कोणती गोळी कधी घेऊ?’ असं घरोघरी घडतं. फोटोवरून बरंच कळतंही, फक्त वाचायची एक रीत आहे.

आधी चिठ्ठीवरचं नाव आणि तारीख बघा. जुनी चिठ्ठी असेल, तर डोस बदललेला असू शकतो. मग प्रत्येक ओळ तुकड्या-तुकड्यांनी वाचा: औषधाचं नाव, मिलिग्रॅममधली मात्रा, वेळा आणि किती दिवस. 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. एचएस म्हणजे झोपताना आणि एसओएस म्हणजे त्रास झाला तरच.

आता आजींची चिठ्ठी घेऊ. पहिली ओळ: फोलिट्रॅक्स 7.5, आठवड्यातून एकदा, रविवारी. दुसरी: फोलव्हाइट 5, आठवड्यातून एकदा, मंगळवारी. नावं सारखी वाटतात, पण औषधं वेगळी आहेत. पहिल्यात मेथोट्रेक्सेट आहे, दुसऱ्यात फॉलिक ॲसिड. मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून फॉलिक ॲसिड सोबत देतात.

घोटाळा नेमका इथेच होतो. कागदाची कड फोटोत कापली गेली आणि ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द गेले, की वाचणारा सवयीने ‘रोज एक’ असं समजतो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर हाडांतल्या मगजात रक्तपेशी तयार होणं मंदावतं आणि जीवही जाऊ शकतो. तोंडात फोड येणं, घसा दुखणं, ताप, अंगावर काळे-निळे डाग ही धोक्याची लक्षणं आहेत. ती दिसली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. दशांशचिन्हाचंही तसंच. घडीची सावली पडली, की 7.5 मधला ठिपका दिसेनासा होतो.

म्हणून फोटो काढताना कागद सपाट ठेवा, चारही कडा दिसू द्या आणि मागे काही लिहिलं असेल तर त्याचाही फोटो काढा. अक्षर लागलं नाही, तर अंदाज बांधू नका. ओळखीच्या आजारावरून औषधाचं नाव ‘जुळवून’ वाचणं हा तर सर्वांत फसवा मार्ग.

शेवटी मूळ चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जा आणि दुकानातल्या नोंदणीकृत फार्मासिस्टला भेटा. पाकिटावर ब्रँडच्या नावासोबत छापलेलं मूळ औषधाचं नाव आणि मात्रा चिठ्ठीशी ताडून घ्या. ही गोळी कशासाठी, रोज की आठवड्यातून, आणि किती दिवस, हे त्यांना तोंडी सांगायला लावा आणि पाकिटावर मराठीत लिहून घ्या. त्यांनाही शंका वाटली, तर ते डॉक्टरांना फोन करतील. तोवर ती गोळी घेऊ नका.