ग्राहकाचे प्रश्न कुठून येतात?

चाकणच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून जर्मनीला माल जातो. तिकडून तक्रार येते, आणि क्वालिटी विभागातल्या अभियंत्याला व्हिडिओ कॉलवर इंग्रजीत खुलासा करावा लागतो. त्याचं शिक्षण मराठीतून झालेलं असतं, दिवसभराचं बोलणं मराठी-हिंदीत. अशा वेळी बहुतेक जण स्लाइडवरची सगळी वाक्यं पाठ करतात. ग्राहक मात्र तिसऱ्याच स्लाइडला मध्ये थांबवतो, पाठांतराचा धागा तुटतो आणि पुढचं काहीच आठवत नाही.

पाठ करावं, पण फक्त पहिलं मिनिट: नाव, विषय, तक्रार काय होती आणि आज काय सांगणार. घसा कोरडा पडतो तो याच मिनिटात. पुढच्या भागासाठी प्रत्येक स्लाइडमागे दोन-तीन छोटी वाक्यं स्वतःची लिहावीत, उभं राहून मोठ्याने म्हणावीत आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकावीत. जिथे जीभ अडखळते तिथला शब्द बदलून सोपा घ्यावा. समोरच्या जर्मन माणसाचीही इंग्रजी ही दुसरीच भाषा असते; भारदस्त शब्दांनी दोघांचीही अडचण होते.

खरी तयारी प्रश्नांची. ते कुठून येणार याचा अंदाज बांधता येतो, कारण असा खुलासा बहुधा ‘एट-डी’ रिपोर्टच्या साच्यात असतो. फोर्ड कंपनीने १९८७ साली रूढ केलेल्या या पद्धतीत आठ टप्पे आहेत, पण प्रश्नांची गर्दी होते ती दोन टप्प्यांवर. तिसरा, म्हणजे सदोष माल तातडीने कुठे कुठे अडवला. आणि चौथा, म्हणजे मूळ कारण. चौथ्यातही दोन वेगळी कारणं मागितली जातात: दोष निर्माण का झाला आणि तपासणीतून निसटला कसा.

समजा, १२ मिमीचं भोक काही नगांमध्ये ११.९९ आलं आणि ग्राहकाकडे पिन बसली नाही. बोअरिंगची टिप झिजली, म्हणून भोक लहान झालं. हे दोषाचं कारण. प्लग गेजची ‘गो’ बाजूही झिजून बारीक झाली होती, त्यामुळे ती लहान भोकातही शिरत राहिली, हे निसटण्याचं. आता ग्राहक काय विचारेल? टिप किती नगांनंतर बदलता? गेजचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं? वाटेत, जहाजावर किती माल आहे? असे दहा-पंधरा प्रश्न काढून प्रॉडक्शनमधल्या सहकाऱ्याला द्यावेत. त्याने ते उलटसुलट, शब्द बदलून आणि मध्येच तोडून विचारावेत.

उत्तरं आधी मराठीत द्यावीत. ‘गेजची झीज आधी का कळली नाही?’ याला मराठीतही धड उत्तर देता येत नसेल, तर अडचण इंग्रजीची नाही, चौथ्या टप्प्याची आहे. मग कॉलआधी शॉपवर जाऊन कारणच पुन्हा शोधायला हवं. ही कसोटी फार मोलाची आहे, कारण कच्चा तपास पुष्कळदा कच्च्या इंग्रजीच्या आड लपून जातो.

मराठी माणूस हमखास अडकतो तो नकारार्थी प्रश्नात. ‘डिडन्ट यू कॅलिब्रेट द गेज?’ असं विचारलं की मनात मराठी उत्तर तयार होतं, ‘हो, नाही केलं’, आणि तोंडातून नुसतं ‘येस’ निघतं. ग्राहक लिहून घेतो: कॅलिब्रेशन केलं होतं. पुढच्या ऑडिटमध्ये रजिस्टर निघतं आणि पुरवठादार खोटं बोलला असा अर्थ लागतो. म्हणून अशा प्रश्नाला येस-नो वर थांबूच नये; ‘वुई डिड नॉट कॅलिब्रेट इट इन मार्च’ असं पूर्ण वाक्य बोलावं. सरावात सहकाऱ्याने असे प्रश्न मुद्दाम जास्त विचारावेत, कारण ही सवय नियम वाचून जात नाही.

आकड्यांचंही तसंच. फिफ्टीन आणि फिफ्टी कॉलवर सारखेच ऐकू येतात. ‘वन फाइव्ह’ असं सुटं सांगितलं की शंका राहत नाही. लाख बाहेर कळत नाही, म्हणून सव्वा लाख नग स्लाइडवर लिहितानाच ‘वन हंड्रेड ट्वेंटी-फाइव्ह थाउजंड’ म्हणून तोंडात बसवावेत.

प्रश्न कळलाच नाही, तर नुसतं ‘पार्डन’ म्हटल्यावर समोरचा तेच वाक्य त्याच वेगाने पुन्हा म्हणतो. त्यापेक्षा जेवढं कळलं त्यावरून विचारावं, ‘आर यू आस्किंग अबाउट द गेज ऑर द टूल?’ मग त्याला प्रश्नाचा नेमका तुकडा सांगावा लागतो. उत्तर ठाऊक नसेल तर तसं सांगून तारीख द्यावी. कॉलनंतर त्याच दिवशी सगळे प्रश्न, दिलेली उत्तरं आणि राहिलेल्यांच्या तारखा ईमेलने पाठवाव्यात. बोलताना एखादा ‘येस’ चुकून निसटला असेल, तर ग्राहकाने नोंद पक्की करण्याआधी तो तिथे दुरुस्त करता येतो.